आधी जाहिराती वाच, मग क्लास लाव

छोटी, क्लासची फी भरू की नको, असं विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे: एवढ्यात भरू नकोस. क्लास वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण मेकॅनिकलची पदवी आणि रोलिंग मिलच्या क्वालिटी विभागातला अनुभव असलेल्या मुलीला डेटा ॲनालिटिक्समध्ये जायचं असेल तर तिला नेमकं काय कमी पडतंय, हे क्लासवाल्याला ठाऊक नसतं. बीकॉम झालेला मुलगा, तू आणि नुकताच पास झालेला कॉम्प्युटरवाला, तिघांना तो एकच अभ्यासक्रम देणार. तुला काय हवं ते नोकरी देणाऱ्याला ठाऊक असतं, आणि ते तो जाहिरातीत लिहून ठेवतो. म्हणून फी भरायच्या आधी जाहिराती वाचायच्या. नुसत्या चाळायच्या नाहीत, मिलमधला रिजेक्शनचा डेटा तपासतेस तशा वाचायच्या.

पहिलं काम गोळा करण्याचं. चाळीसेक जाहिराती पुरेत. नोकरीच्या दोन-तीन मोठ्या साइटवरून घे, आणि जिथे जावंसं वाटतं त्या कंपन्यांच्या स्वतःच्या करिअर पानांवरूनही घे. शोधताना फक्त ‘डेटा ॲनालिस्ट’ टाकून थांबू नकोस. तुझ्यासारखीला हवं असलेलं काम बरेचदा वेगळ्या नावाखाली असतं: क्वालिटी ॲनालिस्ट, वॉरंटी ॲनालिस्ट, सप्लाय चेन ॲनालिस्ट, रिलायबिलिटी इंजिनियर, ऑपरेशन्स ॲनालिस्ट. आत्याच्या दादाने गोसीखुर्दच्या कालव्यांच्या कामावर दिवस काढलेत. त्याने शोधलं तर प्लॅनिंग इंजिनियर, प्रोजेक्ट कंट्रोल्स, कॉस्ट कंट्रोल, जीआयएस ॲनालिस्ट ही नावं टाकावीत. पदाच्या नावावर विश्वास ठेवू नये. एकाच नावाखाली एका कंपनीत बारा तास आकडे भरण्याचं काम असतं, तर दुसरीत प्लांट हेडसमोर बसून नुकसानीचं कारण शोधण्याचं.

प्रत्येक जाहिरातीसाठी गूगल शीटमध्ये एक ओळ कर आणि पूर्ण मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात चिकटव. नुसती लिंक ठेवलीस तर पंधरा दिवसांनी जाहिरात निघून गेलेली असते आणि तुझ्या हातात काहीच उरत नाही. शेजारच्या रकान्यांत तारीख, कंपनी, पद, शहर, मागितलेला अनुभव, मागितलेली पदवी, कुठल्या धंद्यातलं काम आणि रुजू व्हायला किती दिवस देतात, हे भर. हा शेवटचा रकाना बहुतेक जण करतच नाहीत. तुझं नेमणूकपत्र काढ आणि नोटीस पिरियड किती लिहिलाय ते बघ. तिथे ९० दिवस असतील आणि तुझ्या आवडीच्या निम्म्या जाहिरातींत ‘तीस दिवसांत रुजू’ असं असेल, तर ती अडचण कौशल्याची नाही. ती कुठल्याच क्लासने सुटणार नाही. त्यासाठी नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, हे आजच विचारून ठेवावं लागेल.

आता साफसफाई. इथे तुझा हात आधीच बसलेला आहे. एकच जागा तीन कन्सल्टंट तीन नावांनी टाकतात, म्हणून ‘कंपनी वेगळी’ एवढ्यावरून जाहिरात वेगळी धरू नकोस. कामाचं वर्णन शब्दशः तेच असेल तर ती एकच. काही जाहिराती नोकरीच्या नसून क्लासच्याच असतात: कंपनीचं नाव नाही, कामाचं वर्णन नाही, पण ‘प्रशिक्षणासह हमखास नोकरी’ असं आहे. त्या काढून टाक. कोणी अनामत रक्कम मागत असेल तर तीही काढ आणि त्या नंबरला पुन्हा फोन करू नकोस. समज, चाळीसमधून सारख्या आठ आणि क्लासच्या दोन गेल्या, तर हातात तीस राहिल्या. हा आकडा मी उदाहरणासाठी धरते आहे. तुझा वेगळा येईल.

मग मोजणी. कोणतं कौशल्य किती जाहिरातींत आलंय, ते सूत्राने काढता येतं, पण इथे एक सापळा आहे. `excel` हा शब्द सरळ शोधलास तर तो `excellent communication skills` मध्येही सापडतो, आणि तसं जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. `bi` शोधलंस तर `responsibilities` आणि `ability` दोन्हींत सापडेल. मग तुझा तक्ता सांगेल की सगळ्यांना पॉवर बीआय हवं आहे, आणि ते खोटं असेल. म्हणून शब्दाच्या दोन्ही कडा बांधून शोधायचं. मजकूर `I` रकान्यात असेल तर:

```
=IF(REGEXMATCH(LOWER(I2),"\bexcel\b"),1,0)
=IF(REGEXMATCH(LOWER(I2),"\b(my|postgre)?sql\b"),1,0)
=IF(REGEXMATCH(LOWER(I2),"power ?bi|tableau"),1,0)
```

दुसऱ्या ओळीत `MySQL` आणि `PostgreSQL` धरले जातात, `NoSQL` मात्र सुटतं, आणि ते सुटायलाच हवं, कारण ती वेगळी गोष्ट आहे. तिसऱ्या ओळीत मी मुद्दाम दोन साधनं एकत्र घेतलीत. जाहिरातीत बहुतेकदा ‘पॉवर बीआय किंवा टॅब्लो’ असतं. दोघांची वेगळी मोजणी केलीस तर दोन्ही शिकायला हवीत असं वाटेल, आणि मागणारा तर एकच मागतो आहे. `R` या भाषेसाठी सूत्र लावूच नकोस. कडा बांधल्या तरी ते `R&D` ला पकडतं, आणि कारखान्यांच्या जाहिरातींत `R&D` भरपूर. तेवढं डोळ्यांनी वाच. सूत्र लावून झाल्यावर कुठल्याही पाच ओळी उघडून हाताने ताळा घे. सूत्र एक म्हणतंय तिथे खरंच ते कौशल्य मागितलंय का, ते बघ.

आलेला आकडा फार बारकाईने वाचायचा नाही. तीस जाहिरातींत एसक्यूएल एकवीस वेळा आणि पायथन चौदा वेळा आलं, असं समज. नमुना एवढा लहान असला की निम्म्याच्या आसपासच्या टक्केवारीत दोन्ही बाजूंना साधारण अठरा टक्क्यांची सूट धरावी लागते, आणि तीही नमुना निवडताना आपण पक्षपात केला नसेल तर. आपण केलेला असतो, कारण आपण आपल्या आवडीच्या शहरांत शोधतो. म्हणून तीनच ढीग कर: जवळपास सगळीकडे मागितलेलं, निम्म्या ठिकाणी मागितलेलं आणि क्वचित मागितलेलं. सतरा विरुद्ध पंधरा यावरून काहीही ठरवू नकोस. शिवाय ‘असायलाच हवं’ आणि ‘असल्यास उत्तम’ हे दोन रकाने वेगळे ठेव. मशीन लर्निंग हा शब्द कितीतरी जाहिरातींत असतो, पण ॲनालिस्टच्या जागेसाठी तो कुठल्या यादीत बसलाय ते नीट बघ. दुसऱ्या यादीतली गोष्ट शिकायला पहिले चार महिने घालवशील तर पहिल्या यादीतलं एसक्यूएल मागे पडेल.

आता मी तुला आतली गोष्ट सांगते. आमच्या टीमसाठी मी मुलाखती घेते, त्यामुळे जाहिरात कशी बनते ते मला जवळून दिसतं. बराचसा मजकूर एचआर जुन्या जाहिरातीवरून उचलतं. उत्तम संवादकौशल्य, वेगवान वातावरणात काम, टीम प्लेअर, हे सगळं तिथून येतं. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो माणूस दोन-तीन ओळीच घालतो, आणि खरी गरज त्या ओळींत असते. त्या ओळखायच्या कशा? त्या अवघडलेल्या आणि नेमक्या असतात. ‘सॅपच्या क्वालिटी मोड्यूलमधून डेटा काढता यावा’, ‘पुरवठादारनिहाय रिजेक्शनचा मासिक आढावा तयार करणे’, ‘वॉरंटी क्लेमवरून बिघाडाचं कारण शोधणे’. अशी ओळ दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत जशीच्या तशी सापडत नाही. तीस जाहिरातींतल्या अशा ओळी वेगळ्या रंगाने रंगव आणि फक्त तेवढ्याच पुन्हा वाच. साधनांच्या यादीपेक्षा त्या तुला जास्त सांगतील.

त्या वाचल्यावर जाहिरातींचे तीन गट आपोआप पडतील. पहिला गट बँका, विमा, ऑनलाइन विक्री यांचा. तिथे धंद्याची जाण म्हणजे ग्राहक आणि पैसा, आणि तुझ्यासमोर सांख्यिकी नि कॉम्प्युटर शिकलेली मुलं असणार. दुसरा गट कारखाने, वाहन उद्योग, पोलाद, बांधकाम, वीज यांचा. तिथे पदवीच्या रकान्यात मेकॅनिकल किंवा सिव्हिल स्पष्ट लिहिलेलं असतं. तिसरा गट एमआयएस एक्झिक्युटिव्हचा. तिथे कामाची क्रियापदं बघ. ‘नोंद ठेवणे, अहवाल पाठवणे’ एवढंच असेल तर ते डेटा भरण्याचं काम. ‘तफावत शोधणे, कारण मांडणे’ असेल आणि एसक्यूएल मागितलं असेल तर तो चांगला पूल ठरू शकतो.

माझं मत विचारशील तर तू दुसऱ्या गटावरच नेम धर. पहिल्या गटात गेलीस की तुझी मिलमधली वर्षं शून्य धरली जातात आणि तू पुन्हा फ्रेशर होतेस. दुसऱ्या गटात तीच वर्षं मोजली जातात. जाहिरातीत ‘संबंधित अनुभव दोन ते चार वर्षे’ असतो, आणि संबंधित म्हणजे काय हे तुझ्या बायोडेटातल्या वाक्यांवरून ठरतं. तू दर महिन्याला दोषांचा पॅरेटो काढतेस. कंट्रोल चार्ट ठेवतेस, सीपीके काढतेस. ग्राहकाची तक्रार आली की हीट नंबरवरून मागे जात बिलेटपर्यंत पोचतेस. हे सगळं ॲनालिटिक्सच आहे, पण तुझ्या बायोडेटात ‘तपासणी व दस्तऐवज सांभाळणे’ असं लिहिलंय. ते बदल. दादाचंही तसंच. मेजरमेंट बुक, रनिंग बिल आणि प्रत्यक्ष कामाचा मेळ घालणं, ठरलेल्या आणि झालेल्या कामाचा एस-कर्व्ह काढणं, रोजच्या प्रगती अहवालावरून काम कुठे अडलंय हे सांगणं, एवढं त्याने केलंय. प्रोजेक्ट कंट्रोल्सच्या जाहिरातीतल्या नेमक्या ओळींशी हे ताडून बघायला सांग त्याला.

आता कमी काय पडतंय ते काढू. दुसऱ्या गटाच्या ओळी एका बाजूला आणि तू आज करतेस ती कामं दुसऱ्या बाजूला मांड. एक्सेल तुला येतं, सांख्यिकी रोजच्या वापरातली आहे, कारण शोधण्याची सवय आहे. मोकळे राहतील ते बहुधा दोन: एसक्यूएल आणि एखादं डॅशबोर्डचं साधन. पायथन निम्म्यांच्या ढिगात असेल, तो तिसरा. म्हणजे सहा महिन्यांच्या क्लासमधला निम्मा भाग तुला येतोच, आणि पाव भाग तुझ्या जागांना लागत नाही. क्लास लावायचाच तर फक्त एसक्यूएलचा लाव, तोही तुझा तक्ता तसं म्हणत असेल तर.

एसक्यूएल म्हणजे काय येणं अपेक्षित आहे, तेही नीट समजून घे. वाक्यरचना पाठ असून भागत नाही. मुलाखतीत दोन तक्ते देतात आणि जोडायला सांगतात. तुझ्याच धंद्यातलं उदाहरण घेते. एका तक्त्यात प्रत्येक हीटचं वजन आहे, दुसऱ्यात तपासणीत सापडलेला प्रत्येक दोष. एका हीटला दुसऱ्या तक्त्यात पाच ओळी असतील तर सरळ जोडल्यावर त्या हीटचं वजन पाच वेळा येतं. मग बेरीज केलीस की एकूण उत्पादन फुगतं आणि रिजेक्शनची टक्केवारी खोटी कमी दिसते. चूक कुठेही लाल होत नाही, उत्तर व्यवस्थित छापून येतं. ती पकडते मिल माहीत असलेली बाई, कारण आलेला टनांचा आकडा त्या महिन्यात मिलने काढलेल्या मालापेक्षा जास्त आहे हे तिला बघताक्षणी कळतं. उपाय असा, की आधी दोषांच्या ओळी हीटनुसार एकत्र करायच्या आणि मग जोडायच्या. मुलाखतीत हे एवढं जरी समजावून सांगितलंस तरी समोरच्याला तुझं वेगळेपण कळेल.

दाखवण्यासाठी एक प्रकल्प लागेलच. त्यासाठी कंपनीचा डेटा पेनड्राइव्हवर घरी आणू नकोस. हे मी कळकळीने सांगते आहे. नाव काढून टाकलं तरी तो डेटा तुझा नसतो. मुलाखतीत तो दाखवलास तर समोरचा माणूस पहिला विचार हाच करेल की उद्या ही आमचाही बाहेर दाखवेल. तुझ्याजोगा खुला डेटा उपलब्ध आहे. यूसीआयच्या संग्रहात पोलादाच्या प्लेटवरील दोषांचा संच आहे, १,९४१ ओळींचा, सात प्रकारच्या दोषांचा. दादासाठी त्याच संग्रहात काँक्रीटच्या दाबशक्तीचा आहे: १,०३० नमुने, सिमेंट, पाणी, फ्लाय ॲश, खडी, वाळू वगैरे सात घटक, आठवं नमुन्याचं वय दिवसांत, आणि त्यांवर आलेली ताकद. नवशिका हे आठ रकाने जसेच्या तसे यंत्रात घालतो. साइटवर उभा राहिलेला माणूस आधी पाणी भागिले सिमेंटसारखे सगळे बंधक पदार्थ, असा नववा रकाना तयार करतो आणि सात दिवसांचे नि अठ्ठावीस दिवसांचे नमुने वेगळे काढतो. प्रकल्पात हेच दिसायला हवं.

आपल्या भागातलं काही करावंसं वाटलं तर वैनगंगा आहेच. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडाऱ्यात घरात पाणी शिरलं, ते तू पाहिलंयस. राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन या साइटवर मंडळनिहाय पावसाची नोंद मिळते. ती घेऊन भंडारा, तुमसर, पवनीच्या पावसाचा डॅशबोर्ड करता येईल. फक्त एक मर्यादा लक्षात ठेव. आपल्याकडचा पाऊस पुराचं सगळं कारण सांगत नाही, कारण पाणी वरून, दुसऱ्या राज्यातून येतं. ही मर्यादा डॅशबोर्डच्या खालीच लिहून ठेव. जाहिरातीत ‘निष्कर्ष व्यवस्थापनासमोर मांडणे’ लिहिलेलं असतं ना, त्याचा पुरावा म्हणून तेच चालतं.

शहराच्या रकान्याकडेही वळू. नागपूर आपल्याला साठेक किलोमीटर, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आणि घरून ये-जा होईल म्हणून आईला तेच हवं आहे. पण दुसऱ्या गटाच्या, म्हणजे कारखान्यांच्या जाहिराती कुठल्या शहराच्या आहेत ते तुझा तक्ता सांगेल. माझा अंदाज पुण्याच्या बाजूचा, चाकण-तळेगाव पट्ट्याचा. तसं निघालं तर पगाराचा खालचा आकडा आत्ताच ठरव: तिथलं भाडं, खानावळ आणि घरी पाठवायचे पैसे जाऊन काय उरलं पाहिजे. पगार बहुतेक जाहिरातींत लिहिलेला नसतो, म्हणून पहिल्याच फोनवर विचारायचा. काका ज्युनियर इंजिनियरच्या परीक्षेचं म्हणतात. तो मार्ग बंद करू नकोस, पण दोन्ही अभ्यास एकाच वेळी होणार नाहीत. यंदा कोणता, ते त्यांच्याशी बसून बोल.

नोकरी सोडून शिकू नकोस, एवढं माझं ऐक. तुझ्याच विभागात विचार, सॅपमधून महिन्याचा डेटा कोण काढतं? ते काम मागून घे. रिजेक्शनचा जो तक्ता दर महिन्याला हाताने बनतो तो पॉवर बीआयमध्ये करून दे. ते मिलच्याच कॉम्प्युटरवर राहू दे, पण बायोडेटात ‘चालू नोकरीत केलं’ असं लिहिता येईल. अशी एक ओळ तीन प्रमाणपत्रांवर भारी पडते.

अर्ज टाकायला लागलीस की शीटला आणखी तीन रकाने जोड: उत्तर आलं का, चाचणी झाली का, मुलाखत कुठवर गेली. दहा-पंधरा नेमक्या जागांवर अर्ज करूनही फोनच आला नाही, तर अडचण बायोडेटातल्या शब्दांत किंवा नोटीस पिरियडमध्ये आहे, शिकण्यात नाही. फोन येतात पण चाचणीत अडकतेस, तर एसक्यूएलवर परत बस. चाचणी पार होऊन मुलाखतीत थांबतेस, तर तुझा प्रकल्प तुला तोंडी नीट मांडता येत नाही. त्याचा सराव माझ्यासमोर कर. तीन महिन्यांनी नव्या वीस जाहिराती गोळा करून ढीग बदललेत का तेही पाहू.

या रविवारपर्यंत पहिल्या दहा ओळी भर आणि शीट माझ्याशी शेअर कर. सूत्रं लगेच लावू नकोस. रंगवलेल्या ओळी आधी दोघी मिळून वाचू. फीची तारीख निघून गेली तर जाऊ दे. त्यांची पुढची बॅच असतेच.